नवरीचं पॅकेज आणि बिलकिसभाभी

रियाधच्या मलज भागात आम्ही राहतो त्या इमारतीत खालच्या मजल्यावर बिलकिसभाभी राहतात. त्या मूळच्या हर्णैजवळच्या. लग्न होऊन इथे आल्या तेव्हा बाईमाणसाला नवऱ्याच्या गाडीशिवाय कुठं जाता येत नसे, आणि त्यांचे हारूनभाई गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात सकाळपासून रात्रीपर्यंत अडकलेले. त्यामुळे भाभींनी अर्धं आयुष्य खिडकीतून रस्ता बघण्यात काढलं, असं त्या स्वतःच हसत सांगतात. मग मेट्रो सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात भाभींनी कार्ड काढलं, अबाया सावरत एकट्या बसल्या आणि शेवटच्या स्टेशनपर्यंत जाऊन त्याच गाडीने परत आल्या. काही काम नव्हतं. नुसतं बघायला.

मी मंजिरी, नाशिकची. माझा नवरा शिरीष पेट्रोकेमिकल कंपनीच्या इथल्या ऑफिसात आहे. आम्ही इथे आलो तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात पहिला डबा भाभींच्याच घरून आला होता, आणि त्या दिवसापासून आमचा चहा एकत्र होत आला. त्यामुळे पुढचं सगळं मी थोडं डोळ्यांनी पाहिलेलं आणि पुष्कळसं भाभींच्या तोंडून ऐकलेलं आहे.

भाभींचा मुलगा हम्माद नेटवर्क इंजिनियर. त्याचं दुआशी ठरलं. दुआ चिपळूणकडची, पण वाढली रियाधमध्येच. एका पॉलिक्लिनिकच्या लॅबमध्ये काम करते. वडील अकाउंटंट, थोरला भाऊ तल्हा जहाजावर. आई चार वर्षांपूर्वी गेली. मुलगी शांत, कामापुरतं बोलणारी, आणि बोलली तर निम्मं इंग्रजीत. भाभींना ती पहिल्याच भेटीत आवडली, पण तिच्याशी बोलायचं काय हे काही त्यांना सुचेना. त्या एक वाक्य बोलत, दुआ हसून मान हलवी, आणि संपलं.

निकाह रमजाननंतरच्या शव्वालमध्ये, इथेच एका इस्तिराहात, म्हणजे समारंभासाठी भाड्याने मिळणाऱ्या बागेच्या घरात, करायचा ठरला. नवरीचा साजशृंगार मुलाकडच्यांनी करायचा ही त्यांच्या घरातली पद्धत. पूर्वी त्याचा अर्थ साडी, बांगड्या आणि अत्तर. आता त्यात पार्लर आलं. हम्माद म्हणाला, पैसे दुआच्या खात्यात टाकतो, तिचं ती बघेल. भाभींना ते पटलं नाही. मुलीला आई नाही, असल्या वेळी नुसते पैसे टाकून मोकळं व्हायचं हे त्यांना कसंसंच वाटलं. त्यांनी दुआला फोन केला आणि विचारलं, मी बरोबर आले तर चालेल का. दुआ म्हणाली, चालेल, मामी; होणाऱ्या सासूला ती मामीच म्हणे.

दुआने एक पार्लर आधीच निवडून ठेवलं होतं. उलय्यातल्या मोठ्या रस्त्यावरचं, तिच्या लॅबमधल्या दोघी मैत्रिणींनी नावाजलेलं. त्यांचं 'मलिका पॅकेज' तिला हवं होतं. रमजानच्या आधीच्या शाबान महिन्यात, एका दुपारी दोघी मेट्रोने निघाल्या. आधी हिरवी लाइन, मग निळी. गाडीत भाभींनी हवेचा विषय काढला, दुआने मान हलवली. मग भाभींनी स्टेशनांचा विषय काढला. तोही लवकरच संपला.

पार्लरच्या काचा धुरकट, आतलं काही दिसू नये अशा. दारावर पुरुषांना मनाई. आत शिरल्यावर मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावून घेतला. मग अत्तराचा वास, पाण्याचं छोटं कारंजं आणि छोट्या पेल्यांत गव्हा, म्हणजे ती पिवळी अरबी कॉफी. भाभींनी मला नंतर सांगितलं की खुर्ची इतकी मऊ होती, उठताना आधार घ्यावा लागेल की काय याचीच त्यांना काळजी लागली होती.

काउंटरवरच्या बाईंनी गुळगुळीत कागदावर छापलेलं पॅकेज पुढे ठेवलं. अठरा सेवा. चार फेशियल, हातापायांची निगा, मोरोक्कन हमाम म्हणजे वाफेत घासून न्हाणं, वॅक्स, केसांचं प्रोटीन, नखं, भुवया आणि लग्नाच्या दिवसाचा मेकअप. वर एका नावाजलेल्या फ्रेंच कंपनीचं चिन्ह. दुआने पर्समधून कार्ड काढलंसुद्धा.

भाभींनी चष्मा लावला. त्यांना पार्लरमधलं फारसं कळत नव्हतं, आणि हे त्या उघड सांगतात. पण अठरा म्हटल्यावर अठरा मोजून घ्यायचे एवढं त्यांना कळत होतं. त्यांनी बोट ठेवून ठेवून विचारायला सुरुवात केली. भुवया, वरचा ओठ, हनुवटी आणि कपाळ या चार वेगवेगळ्या सेवा धरल्या होत्या. एकाच खुर्चीवर, एकाच दोऱ्याने दहा मिनिटांत होणारं काम. त्यातून दुआ भुवया कोरत नाही, तिच्या मनाला ते पटत नाही, म्हणजे ती सेवा तशीच जाणार. जेलची नखं दोनदा होती. भाभींनी विचारलं, ही लावल्यावर नमाजाआधी हातपाय धुवायचे, तो वजू कसा करायचा, पाणी नखापर्यंत पोचतच नाही. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, अनेक मुली लग्नाच्या दिवसापुरती लावतात. त्याऐवजी दुसरं काही मिळेल का, असं भाभींनी विचारल्यावर मात्र त्यांनी नम्रपणे मान हलवली. पॅकेजमध्ये बदल होत नाहीत.

केसांचं प्रोटीन खांद्यापर्यंतच्या केसांसाठी होतं, त्याखाली लांबीप्रमाणे जादा आकार. दुआचे केस कमरेपर्यंत. लग्नाचा मेकअप होता, पण त्याआधी करून बघायची ट्रायल नव्हती. दुपट्टा लावून देणं आणि खोट्या पापण्या वेगळ्या. हे सगळं विचारता विचारता भाभींच्या लक्षात आलं की दुआ खाली बघत्येय आणि शेजारच्या खुर्चीवरच्या दोघीजणी ऐकताहेत.

त्यांना थांबावंसं वाटलं. पण शेवटच्या ओळीवर त्यांची नजर गेली. मुदत साठ दिवस, पैसे भरल्याच्या तारखेपासून.

'चार फेशियल साठ दिवसांत करायची?' भाभींनी विचारलं. 'एका फेशियलनंतर दुसरं किती दिवसांनी करतात?'

तीन ते चार आठवड्यांनी, बाईंनी सांगितलं. भाभींनी बोटांवर हिशोब केला. तीन आठवडे धरले तरी चौथं साठ दिवसांबाहेर जात होतं. त्यात रमजान. रमजानमध्ये पार्लर तरावीहनंतर, म्हणजे रात्रीच्या जादा नमाजानंतर, उघडणार आणि ईदच्या आधीच्या दहा दिवसांत पाय ठेवायला जागा नसणार. निकाहची तारीख तर साठाव्या दिवसाच्या अगदी काठावर येत होती. तारीख पुढे गेली तर काय, असं भाभींनी विचारलं. बाई हसल्या. लग्नाच्या तारखा पुढे जात नाहीत, म्हणाल्या. आणि गेलीच तर उरलेली सेशन रद्द, परतावा नाही.

भाभींनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि आपण विचार करून सांगू असं म्हटलं. दुआने कार्ड परत आत ठेवलं.

मेट्रोत दोघी शेजारी बसल्या. भाभी मला सांगत होत्या की ती वीस मिनिटं त्यांना वीस वर्षांसारखी वाटली. मुलीला हवं ते हौसेने घेऊ द्यायचं सोडून आपण मच्छीबाजारात कालवं मोजावीत तशा सेवा मोजत बसलो, असं त्यांना वाटत होतं. शेवटी त्याच म्हणाल्या, 'बाय, तुझी इच्छा असेल तर उद्या परत जाऊन घेऊन टाकू. मी बोलले ते मनावर घेऊ नकोस.'

दुआ खिडकीबाहेर बघत होती. गाडी जमिनीखाली होती, बघण्यासारखं काही नव्हतं. मग ती म्हणाली, 'मामी, तुम्ही एक विचारलंच नाही. ते फ्रेंच कंपनीचं क्रीम नक्की कशात कशात वापरतात?'

भाभींना वाटलं, ही टोमणा मारत्येय. पण दुआ मनापासून बोलत होती. आतल्या खोलीचं दार उघडं होतं तेव्हा तिला ट्रॉली दिसली होती. तिच्यावर फ्रेंच कंपनीची एकच ट्यूब होती, चेहरा धुवायची. बाकी मास्क आणि क्रीम मोठ्या पांढऱ्या डब्यांतून काढत होते. डब्यांवर नाव नाही, तारीख नाही, आत काय आहे ते लिहिलेलं नाही. कॉलेजात असताना एकदा ब्लीचने दुआचा चेहरा असा सुजला होता की आठवडाभर ती घराबाहेर पडली नव्हती. तिची कातडी तशी आहे. तेव्हा तिला त्या डब्यांची भीती वाटली होती, पण विचारायचा धीर झाला नाही. लोक काय म्हणतील असं वाटलं.

'मग कार्ड का काढलंस?' भाभींनी विचारलं.

'माझ्या मैत्रिणींनी तिथलंच घेतलं होतं,' दुआ म्हणाली. 'आणि तुम्ही इतक्या लांब आला होता.'

भाभी हसल्या, आणि मग दुआही हसली. आपलं स्टेशन कधी गेलं ते दोघींना कळलं नाही. पुढच्या स्टेशनवर उतरून उलटी गाडी पकडावी लागली.

त्यानंतर आठवडाभर दोघींचा नादच झाला तो. दुआची ड्यूटी संपली की भाभी निघत. तीन-चार पार्लरं पाहिली. कामं वाटून घेतली होती. सेवा आणि मुदत भाभींनी विचारायची, डबे आणि ट्यूबा दुआने बघायच्या. एके ठिकाणी मी पण गेले होते. तिथे भाभींनी इतक्या गोडीने विचारलं की काउंटरवरच्या मुलीने त्यांना खजूर दिले आणि सगळ्या अटीही स्वतःहून सांगून टाकल्या. दुआ एव्हाना धीट झाली होती. सरळ म्हणे, बाटली दाखवा. काही जणी दाखवत, काही जणींना राग येई. राग आला की दोघी उठत.

शेवटी जे पार्लर ठरलं ते मलजमध्येच, आमच्यापासून चालत पंधरा मिनिटांवर होतं. खालच्या मजल्यावर छोटंसं, कारंजं नाही की मऊ खुर्च्या नाहीत. मालकीण सौदी बाई, पण सगळा कारभार शर्मिला थापा नावाची नेपाळी बाई बघते. ती हिंदीत बोलते, भराभर आणि खणखणीत. तिचं नवरीचं पॅकेज चार फेशियल धरून फक्त नऊ सेवांचं होतं आणि मलिकापेक्षा थोडंच स्वस्त.

दुआने बाटली दाखवा म्हटल्यावर शर्मिलाने कपाटच उघडलं. फेशियलचं सगळं सामान एका स्पॅनिश कंपनीचं, बंद खोक्यांत, वर अरबी लेबल, बॅच नंबर, तारीख. तिने स्वतःच सांगितलं की ही कंपनी फक्त फेशियलपुरती आहे. वॅक्स साधं, हमामचा काळा साबण मोरोक्कोचा सुटा येतो, आणि मेकअप दोन-तीन कंपन्यांचा मिळून. 'सगळं एकाच ब्रँडचं आहे असं मी म्हणणार नाही, तसं कुठेच नसतं,' ती म्हणाली. दुआला ते उत्तर आवडलं. मग शर्मिलाने तिच्या कानामागे क्रीमचा ठिपका लावला आणि दोन दिवसांनी यायला सांगितलं. दोन दिवसांनी कान ठीक होता.

आता भाभींची पाळी. नऊ सेवांत जेलची नखं होतीच. ती काढून त्याऐवजी हमाम एकदा जास्त, हे शर्मिलाने मान्य केलं. केस कितीही लांब असले तरी जादा आकार नाही, कारण ते तिच्या पॅकेजमध्ये आधीच धरलेलं होतं. मेकअपची एक ट्रायल होती आणि दुपट्टा लावणंही. भाभी मला म्हणाल्या, नऊच्या नऊ सेवा दुआच्या उपयोगाच्या निघाल्या, अठरातल्या अकराही नव्हत्या.

मुदतीवर मात्र अडलं. शर्मिलाची मुदत तीन महिन्यांची, तीही पैसे भरल्यापासून. भाभींनी दोन गोष्टी मागितल्या. मुदत पहिल्या सेशनपासून मोजायची, आणि निकाह पुढे गेला तर ती एकदा दोन महिने वाढवून मिळाली पाहिजे. शर्मिला म्हणाली, मालकिणीला विचारते. फोनवर अरबीत बरंच बोलणं झालं. पहिली गोष्ट लगेच मान्य झाली. दुसरीला मालकिणीची अट होती: मुदत संपायच्या आधी कळवायचं, नंतर नाही. भाभींनी ते कबूल केलं आणि फेशियलच्या कंपनीच्या नावासकट ते सगळं पावतीवर लिहून खाली शिक्का मारून मागितला. शर्मिलाने खालास, झालं, म्हणत शिक्का मारला.

पहिलं फेशियल रमजानच्या आधी झालं, दुसरं रमजानच्या तिसऱ्या आठवड्यात, तरावीहनंतर. दोन्ही वेळा भाभी बरोबर गेल्या आणि बाहेरच्या सोफ्यावर तसबीहची माळ जपत बसल्या. येताना दोघी कोपऱ्यावरून मुतब्बक, म्हणजे खिमा भरलेले पराठे, घेत. दुआ आता पुष्कळ बोलत असे. तिची आई कशी सोलकढी करायची, तल्हाने जहाजावरून कुठल्या बंदराचे कसले फोटो पाठवले. भाभींना हवेचा विषय काढायची गरज उरली नव्हती.

आणि मग ईदच्या तोंडावर तल्हाचा फोन आला. त्याच्या जागी येणारा माणूस आजारी पडला होता. जहाज पुढच्या फेरीला निघालं होतं आणि बदली मिळेपर्यंत कॅप्टन त्याला सोडणार नव्हता. किती दिवस, ते तल्हालाही माहीत नव्हतं.

दुआच्या वडिलांनी भाऊ नसला तरी निकाह होऊ शकतो असं म्हटलं. पण दुआचा चेहरा बघून हारूनभाईंनीच विषय मिटवला. हारूनभाई एरवी घरातल्या गोष्टींत बोलत नाहीत. त्या दिवशी ते म्हणाले, 'आई नाही, आता भाऊही नको? थांबू आपण. इस्तिराहाची बाग काही पळून जात नाही.' निकाह बकरीदनंतर करायचा ठरला.

या गडबडीत पॅकेज सगळेच विसरले. भाभीसुद्धा. इस्तिराहाची तारीख बदलणं, गावाकडून येणाऱ्यांच्या व्हिसाच्या तारखा, सगळ्यांना फोन. लक्षात ठेवलं ते दुआने. मुदत संपायला काही दिवस राहिले असताना ती ड्यूटीवरून परस्पर पार्लरमध्ये गेली. शर्मिला सुट्टीवर नेपाळला गेलेली. काउंटरवरची नवी मुलगी म्हणाली, मुदत वाढवायची आमच्याकडे सोयच नाही. दुआने पावती पुढे केली, शिक्का दाखवला आणि मालकिणीला फोन लावायला सांगितला. मालकिणीने पावतीचा फोटो मागवला आणि दोन मिनिटांत हो म्हणून सांगितलं. भाभींना हे कळलं तेव्हा त्यांनी मला वर येऊन सांगितलं, आणि सांगताना त्यांना इतका अभिमान वाटत होता जणू दुआने परीक्षाच पास केली होती. तीन-साडेतीन महिन्यांपूर्वी जी मुलगी डब्यावर नाव का नाही हे विचारायला कचरत होती, ती आता मालकिणीला फोन लावायला सांगत होती.

बकरीद आली, तल्हाला बदली मिळाली. निकाहच्या आधी महिनाभर उरलेली सेशन सुरू करायची ठरलं. तिसऱ्या फेशियलसाठी दोघी गेल्या तर शर्मिला परतलेली होती आणि तोंड पाडून बसली होती. तिच्या त्या स्पॅनिश कंपनीचा माल बाजारात येणं थांबलं होतं. मालकिणीने दुसऱ्या कंपनीचा माल आणला होता, चांगला, महाग, पण नवा. शर्मिलाने ते आधीच सांगून टाकलं, गुपचूप वापरलं नाही. परत कानामागे ठिपका लावला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुआने भाभींना फोटो पाठवला. कान लाल झाला होता आणि खाजत होता.

भाभी तडक पार्लरमध्ये गेल्या. भांडायला नव्हे, पण काय करायचं ते ठरवायला. निकाह तीन आठवड्यांवर आला होता आणि नवरीच्या चेहऱ्यावर नवं काही लावून बघायची ती वेळ नव्हती. शर्मिलाने मान्य केलं की पावतीवर कंपनीचं नाव लिहिलेलं आहे, आणि ते नाव आम्ही पाळू शकत नाही, तेव्हा उपाय आम्हीच शोधला पाहिजे. कपाट धुंडाळल्यावर जुन्या कंपनीचं एक बंद खोकं निघालं, एकाच फेशियलपुरतं. तारीख अजून चांगली वर्षभर पुढची. ते दुआच्या तिसऱ्या फेशियलला, निकाहच्या आठवडाभर आधी वापरायचं ठरलं. चौथ्याचं काय?

शर्मिला म्हणाली, चौथं दुसऱ्या कुणाच्या नावावर करून देते. एरवी आमच्याकडे नाव बदलत नाही, पण कंपनी आम्ही बदलली, तर नाव तुम्ही बदला.

भाभींना वाटलं, दुआच्या एखाद्या मैत्रिणीला देऊ. त्यांनी दुआला तसं विचारलं. दुआ म्हणाली, 'मैत्रीण कशाला? मामी, तुम्हीच करा.' भाभी नको म्हणाल्या. आपलं वय झालं, आपल्याला काय करायचंय, लोक हसतील. दुआने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी शर्मिलाकडून भाभींच्या नावाची वेळच घेऊन टाकली. शर्मिलाने मात्र भाभींच्याही कानामागे आधी ठिपका लावलाच. काही झालं नाही. हारूनभाई म्हणाले, हर्णैच्या खाऱ्या वाऱ्यावर वाढलेल्या चेहऱ्याला क्रीम काय करणार.

त्या दिवशी बाहेरच्या सोफ्यावर दुआ बसली आणि आत भाभी. मी पण गेले होते, मला राहवलं नाही. आतून आधी काही आवाज आला नाही. मग शर्मिलाचं हसणं ऐकू आलं, आणि मग भाभींचं घोरणं. त्या मास्क लावून गाढ झोपल्या होत्या. दुआने पुस्तक मिटलं आणि तोंडावर हात धरून हसत राहिली. बाहेर आल्या तेव्हा भाभींचा चेहरा खरोखर उजळला होता, पण त्याहून जास्त त्या ताज्यातवान्या दिसत होत्या. म्हणाल्या, इतकी चांगली झोप हम्माद जन्मल्यापासून लागली नव्हती.

निकाहच्या आधी शर्मिलाने सगळं क्रमाने केलं. दोन दिवस आधी वॅक्स आणि हमाम, त्यानंतर मेंदी, घासण्याने रंग जाऊ नये म्हणून. ट्रायलमध्ये तिने दुआला जरा जास्तच गोरी केली होती, ते दुआने तेव्हाच सांगितलं, आणि लग्नाच्या दिवशी ती तिच्या स्वतःच्या रंगाची दिसली. तल्हा आदल्या रात्री विमानाने पोचला होता, उन्हाने काळा पडलेला, दाढी वाढलेली. इस्तिराहाच्या बायकांच्या भागात मी भाभींच्या शेजारी बसले होते. भाभी एकसारख्या दुआकडे बघत होत्या. चेहऱ्यावर कुठे लाल डाग नव्हता, कुठे सूज नव्हती. बायका विचारत होत्या, कुठल्या पार्लरमध्ये केलं? भाभी सगळ्यांना सांगत होत्या, सुनेला विचारा, तिला जास्त कळतं.

हम्मादला थुवालच्या विद्यापीठात नोकरी लागली आणि दोघं तिकडे गेली, समुद्राकाठी. भाभी दोनदा जाऊन आल्या. तिकडे ताजी मच्छी मिळते म्हणून त्या खूश आहेत, आणि दुआला तिकडच्या एका लॅबमध्ये काम मिळालं म्हणून जास्तच खूश आहेत.

परवा माझ्या मुलीला, इराला, केसांचं स्पा पॅकेज घ्यायचं होतं. दहा सेशन, एकदम पैसे भरले तर दोन फुकट. मी भाभींना विचारायला खाली गेले. त्यांनी चहा टाकला, चष्मा लावला, माझ्या फोनवरची जाहिरात दोनदा वाचली. मग म्हणाल्या, 'इरा परीक्षेला बसली की दोन महिने केस धुवायलाही उठत नाही. बारा सेशन कोण संपवणार? चार घे. आणि चल, मीच येते बरोबर.'

आणि त्या अबाया आणायला आत गेल्या.